रात्री लाईट गेली होती का? उन्हाळ्यातल्या एका छोट्या दुकानाचं प्रकरण

मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या दहा-बारा छोट्या दुकानांचे हिशेब लिहितो. किराणा, डेअरी, एक-दोन फरसाणवाले. हे प्रकरण त्यातल्याच एका दुकानाचं. दुकानदार बाईंची परवानगी घेतली आहे, नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. आकडे वहीतले आहेत. यात मी सुचवलेल्या दोन गोष्टी चुकल्या, त्याही तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

दुकान भांडुप पश्चिमेला, चढावरच्या एका चाळीच्या तळमजल्यावर आहे. दहा बाय बाराचा गाळा, पुढे चार फूट पत्रा काढलेला, तोंड पश्चिमेला. त्यामुळे दुपारी तीननंतर ऊन थेट काउंटरवर येतं. मावशी आणि त्यांचा मुलगा निलेश दुकान चालवतात. राहतात वीस मिनिटांच्या अंतरावर. ही वीस मिनिटं पुढे महत्त्वाची ठरतात.

थंड ठेवायला तीन यंत्रं. एक काचेच्या दाराचा ३२० लिटरचा विझी कूलर. एक आइस्क्रीम कंपनीने डिपॉझिटवर दिलेला, वर सरकती काच असलेला डीप फ्रीजर. आणि आत कोपऱ्यात घरचा जुना फ्रीज, ज्यात प्रामुख्याने मावशींचा डबा असतो. रोज पहाटे पावणेपाचला दुधाची गाडी येते, अर्ध्या लिटरच्या साधारण १६० पिशव्या. शिवाय दही, ताक, पनीर, इडलीचं पीठ, थोडं बटर-चीज.

दुधात सुटतं किती ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. या दुकानात अर्ध्या लिटरमागे दीड रुपयाच्या आसपास. पिशवी पडते ३१ रुपयांना. एक पिशवी फेकली की वीस पिशव्यांची कमाई गेली. दूध ठेवायचं ते गिऱ्हाईक रोज पायरी चढावं म्हणून, पैसे सुटतात बाकीच्या मालावर.

ती रात्र

मे महिन्याचा मध्य, शनिवार. साडेदहाला दुकान बंद झालं. दहा-पंधरा मिनिटांत त्या भागाची लाईट गेली. उन्हाळ्यात तिथे हे नेहमीचं. रात्री घरोघरी एसी लागतात, लोड वाढतो आणि कुठेतरी केबल जाते किंवा फ्यूज उडतो. मावशींच्या घरचा भाग वेगळ्या फीडरवर आहे, तिथे पंखा चालू होता. त्यामुळे दोघांनाही काही कळलं नाही.

पहाटे पावणेपाचला निलेश दूध उतरवायला आला तेव्हा गल्लीत अंधार होता. शेजारचा म्हणाला, "आत्ताच गेली असेल." पाच वाजून वीस मिनिटांनी लाईट आली. कूलरच्या डिस्प्लेवर आधी १७ दिसलं, साडेसहापर्यंत ते ६ वर आलं. निलेशने ६ बघितलं आणि धंदा सुरू केला. रात्रीच्या उरलेल्या २२ पिशव्या त्याने नेहमीच्या सवयीने पुढे ओढल्या, नवीन मागे लावल्या. जुना माल आधी काढायचा, हे एरवी बरोबरच.

नऊच्या सुमाराला पहिली तक्रार आली, दूध उकळताना फाटलं. सव्वानऊला दुसरी, पनीरला आंबूस वास. तोवर जुन्या २२ पैकी १४ पिशव्या आणि १८ पैकी ५ पनीर विकून झाले होते.

मला फोन आला तेव्हा मावशींचा एकच प्रश्न होता. "भाऊ, लाईट नक्की किती वेळ गेली होती?" आणि हे ठामपणे सांगणारा कोणी नव्हता. एक जण म्हणे दोन तास, वरच्या मजल्यावरची बाई म्हणे रात्रभर. अखेर समोरच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं, तो पावणेअकराला इस्त्री करत असतानाच गेली. म्हणजे साडेसहा तासांहून जास्त.

खरी अडचण कुठे होती

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, अडचण म्हणजे लाईट. मला वाटतं, ती निम्मीच होती. उरलेली निम्मी ही की सकाळी दुकान उघडताना रात्री काय झालं ते कळायला काही साधनच नव्हतं. डिस्प्ले आत्ताची हवा सांगतो. हवा तासाभरात थंड होते, पण पिशवीतलं दूध किंवा पनीरचा गाभा त्याहून सावकाश. आणि मधे जे वाढायचं ते वाढून बसलेलं असतं. पाश्चराइज केलेल्या दुधात सगळेच जंतू मेलेले नसतात. पाच अंशांच्या खाली ते जवळपास झोपलेले असतात, पंधरा-वीस अंशांना भराभर वाढतात. पुन्हा थंड केलं म्हणून ते कमी होत नाहीत.

उकळून बघू, असंही निलेश म्हणाला. दूध उकळल्यावर फाटलं तर ते आंबलंय एवढं कळतं. फाटलं नाही म्हणजे चांगलं, हे मात्र त्यातून कळत नाही. काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही. पनीर, दही, पीठ यांना तर तीही चाचणी नाही.

सकाळचे निर्णय

मावशींनी सव्वानऊला कूलरमधला रात्रीचा सगळा माल बाजूला काढला. दह्याचे २४ कप चांगले दिसत होते, निलेश अडून बसला. दही मुळात आंबटच, दुधाइतकं लवकर दगा देत नाही, हे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण साडेसहा तासांत कूलर कुठवर गेला हे माहीत नव्हतं आणि पहाटे १७ दिसलं होतं. मावशींनी दहीही काढलं.

पुढचा निर्णय मला आजही सगळ्यांत चांगला वाटतो. त्यांनी उधारीची वही उघडली. विकलेल्या १४ पिशव्यांपैकी ९ खात्यावरच्या घरी गेल्या होत्या. निलेश सायकलवर जाऊन त्या घरांना सांगून आला की ते दूध वापरू नका, बदलून देतो. चार घरांत ते पिऊन झालं होतं, कुणाला काही झालं नाही. रोख नेलेल्या पाच पिशव्यांचा पत्ता लागला नाही.

आइस्क्रीमचं वेगळं. कप हाताला घट्ट लागत होते, कारण तोवर फ्रीजर चार तास चालला होता. झाकण काढल्यावर कळलं, आइस्क्रीम खाली बसलेलं आणि वर बर्फाचे खडे. वितळून पुन्हा गोठलं की आतली हवा निघून जाते आणि असं दिसतं. तळाचे फॅमिली पॅक ठीक होते, वरचे कप-कोन गेले. कंपनीच्या माणसाने बदलून द्यायला नकार दिला, लाईट ही दुकानदाराची जबाबदारी.

त्या दिवशीचा हिशेब असा लागला. दुधाच्या ८ पिशव्या २४८ रुपये, १३ पनीर १,०१४, दही ७६८, इडलीच्या पिठाचे ९ पुडे ४६८, आइस्क्रीम २,८५०, आणि परत दिलेले १२३. एकूण ५,४७१ रुपये. बदलून दिलेल्या पिशव्या यात धरलेल्या नाहीत.

कोणते पर्याय तोलले

जनरेटरचा विचार पाच मिनिटांत संपला. गल्ली सहा फुटांची, वर माणसं झोपलेली, पेट्रोल साठवायला जागा नाही, आणि रात्री अकराला तो सुरू करणार कोण?

इन्व्हर्टर मी सुचवला होता. दुकानात दिवे-पंख्यासाठी एक लहान इन्व्हर्टर आधीच होता. निलेशने त्यावर कूलर लावून बघितला. कॉम्प्रेसर सुरू होताना चालू वापराच्या कितीतरी पट करंट ओढतो. इन्व्हर्टरने टीं-टीं केलं आणि तो बंद पडला. शिवाय तो जुना स्क्वेअर वेव्हचा होता. त्यावर मोटर घुमते, तापते आणि पुढे जळतेही. फ्रीजवाल्या मेस्त्रींनी हिशेब मांडून दिला. कूलर आणि डीप फ्रीजर दोन्ही रात्रभर चालवायचे तर दोन केव्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या दोन बॅटऱ्या लागतील. एका बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात, पण पूर्ण उपसता येत नाहीत आणि वाटेत थोडी वीज वाया जाते, हाताला १.१ च्या आसपास. दोन बॅटऱ्यांवर दोन्ही यंत्रं साधारण साडेसहा तास. खर्च ४३,००० रुपये, आणि तापलेल्या गाळ्यात बॅटरीचं आयुष्य घटतं ते वेगळं.

इथे मेस्त्री एक वाक्य बोलले, ज्याने पुढची सगळी दिशा बदलली. "लाईट कशाला साठवता? थंडावा साठवा." एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो. म्हणजे दहा किलो बर्फ साधारण ०.९ युनिट उष्णता खातो. कॉम्प्रेसर एका युनिट विजेत दीड युनिटभर उष्णता बाहेर काढतो असं धरलं, तर पंधरा हजारांची एक बॅटरी म्हणजे कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत गोठवलेलं वीस-बावीस बाटल्या पाणी. बाटलीला चार्जिंगची वायर नाही, मोटर सुरू होण्याचा झटका नाही, आणि लाईट गेलेली आपल्याला कळायचीही गरज नाही.

काय केलं

पहिला प्रयोग फसला. बारा बाटल्या विझी कूलरमध्येच वरच्या फळीवर ठेवल्या. थंड हवा खाली उतरते म्हणून वर, हे बरोबर होतं. पण पंखा बंद पडल्यावर कूलरमधली हवा हलत नाही आणि काचेच्या दारातून उष्णता येतच राहते. चाचणीसाठी रात्री मुद्दाम प्लग काढला. चार तासांत खालची फळी १० वर गेली, वर बाटल्यांत अजून बर्फ होता. थंडावा होता, मालापर्यंत पोचत नव्हता.

मग माल थंडाव्याजवळ नेला. मासळीवाल्या वापरतात तसा जाड भिंतींचा ८० लिटरचा आईस बॉक्स जुना मिळाला. रोज रात्री दुकान बंद करताना कूलरमधलं उरलेलं पनीर, पीठ, दही, ताक आणि दूध त्यात जातं. तळाला चार बाटल्या, मधे माल, बाजूंनी चार, वर चार. लाईट जाईल असं वाटो न वाटो, रोज. हे "रोज" मावशींनी ठरवलं. माझं म्हणणं होतं की वीज कंपनीचा दुरुस्तीचा मेसेज येईल त्या दिवशी करा. मावशी म्हणाल्या, "मेसेज येतो ती लाईट दिवसा जाते. रात्रीची सांगून जात नाही." काम दहा-बारा मिनिटांचं आहे.

बाटल्या गोठवायच्या कुठे, हा खरा पेच होता. कंपनीच्या फ्रीजरमध्ये दुसरं काही ठेवायचं नाही असा करार आहे, आणि तो वारंवार उघडला जातो. घरच्या फ्रीजच्या कप्प्यात चारच बाटल्या मावतात. शेवटी एक जुना, पत्र्याच्या झाकणाचा लहान डीप फ्रीजर ७,८०० रुपयांना घेतला. पत्र्याच्या झाकणाखाली जाड इन्सुलेशन असतं, काचेखाली नसतं. एक लिटरच्या बाटल्या, पाणी मानेखाली दोन-तीन बोटं जागा ठेवून भरलेलं, कारण गोठताना पाणी फुगतं आणि काठोकाठ भरलेली बाटली फुटते. बारा बाटल्या एकदम ठेवल्या की एका रात्रीत आतपर्यंत गोठत नाहीत, पूर्ण एक दिवस लागतो. म्हणून चोवीस बाटल्या. बारा बॉक्समध्ये, बारा फ्रीजरमध्ये, झाकणांवर लाल आणि निळी टेप.

बाजारातली बर्फाची लादी आणली असती तर फ्रीजर वाचला असता. तो विचार सोडला तो एवढ्यासाठी की मासळीच्या साठवणीचा बर्फ खाण्यायोग्य नसतो. महाराष्ट्रात २०१८ पासून असा बर्फ निळा करायचा नियम आहे, तो याचसाठी. ते पाणी पनीरच्या पुड्यांवरून वाहायला नको.

इथे माझी दुसरी चूक. मीठ घातलेलं पाणी शून्याच्या बरंच खाली वितळतं, म्हणून मी म्हटलं बाटल्यांत मीठ घाला, जास्त गार राहील. राहिलं. बाटल्यांना चिकटून ठेवलेल्या दह्याच्या सहा कपांना सकाळी कडेने बर्फ धरला होता, आणि तो वितळल्यावर दही आणि पाणी वेगळं. साधं पाणी शून्यावर वितळतं आणि दूध शून्याच्या किंचित खाली गोठतं. वितळायला लागलेल्या साध्या बर्फाशेजारी दूध-दही गोठत नाही. मीठ गेलं.

आता मोजायचं काय आणि कशाने. दोन साधी साधनं आली. एक, किमान-कमाल लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर, वायरच्या टोकाला सेन्सर असलेला, २८० रुपयांचा. असे दोन, एक कूलरला, एक बॉक्सला. सेन्सर मोकळा न सोडता पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवून ठेवला, म्हणजे तो हवेचं नाही तर मालासारख्याच वस्तूचं तापमान दाखवतो. दार उघडल्यावर आकडा उड्या मारत नाही.

दुसरं साधन मेस्त्रींच्या डोक्यातलं, आणि मला ते फार आवडलं. मत्स्यटाकीचा दिवा वेळेवर लावण्यासाठी फिरत्या चकतीचा प्लग टायमर मिळतो, ३५० रुपयांना. त्यात बॅटरी नसते. लाईट असेल तरच चकती फिरते. रात्री बंद करताना ती मोबाइलच्या वेळेशी जुळवायची. सकाळी चकती जितकी मागे, तितका वेळ लाईट नव्हती. मोबाइलमध्ये सहा वाजलेत आणि चकतीवर पाऊण, म्हणजे सव्वापाच तास. पंधरा मिनिटांइतकी चूक होते, ती चालते. इस्त्रीवाल्याला उठवायला नको.

आइस्क्रीमसाठी बाटल्यांचा उपयोग नाही. त्याला उणे १८ लागतं, बर्फ शून्यावरच थांबतो. तिथे तीन गोष्टी केल्या. माल कमी केला. रात्री काचेवर जाड गोधडी घालायला लागले, मात्र खालची जाळी उघडी ठेवून, कारण ती झाकली तर यंत्राची गरमी बाहेर पडत नाही. आणि एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवलं. सकाळी नाणं वरच असेल तर ठीक. बर्फात रुतलं असेल तर रात्री पाणी झालं होतं, आणि मग झाकण न उघडताही वरच्या कपांचं काय झालं ते कळतं. नाणं वर आहे म्हणजे सगळं उत्तम, असं मात्र नाही. आइस्क्रीम बर्फाच्या आधीच मऊ पडतं.

मेस्त्रींनी कूलरची मागची जाळी साफ केली. काउंटरवर सुटं पीठ विकतात, ते सगळं तिथे जाऊन गादीसारखं बसलं होतं. कूलर भिंतीपासून अर्धा फूट पुढे ओढला, पश्चिमेला ताडपत्रीचा पडदा लावला. संध्याकाळी पूर्वी डिस्प्ले ९ दाखवायचा, आता ५. त्या रात्री लाईट गेली तेव्हा कूलर मुळात ९ वर असेल तर शर्यत सुरू होण्याआधीच आपण मागे होतो. लाईट परत येते तेव्हा व्होल्टेज डळमळतं, म्हणून तीन मिनिटं थांबून सुरू करणारा स्टॅबिलायझर होताच, तो फक्त मधे बायपास केलेला निघाला. का, ते कुणालाच आठवत नव्हतं.

फेकायचं कधी, याचा नियम

इथे आम्ही बराच वेळ घातला. ऑस्ट्रेलियात अन्नविक्रेत्यांसाठी दोन तास-चार तासांचा नियम वापरतात. पाच अंशांच्या वर दोन तासांपर्यंत गेलेला माल परत थंड करून ठेवता येतो. दोन ते चार तास झाले तर लगेच वापरून टाकायचा. चारच्या पुढे फेकायचा. मधली पायरी हॉटेलला जमते, दुकानाला नाही. गिऱ्हाईक पनीर घेऊन जातं आणि तीन दिवसांनी भाजी करतं. म्हणून मावशींनी मधली पायरी काढूनच टाकली.

थर्मामीटरचा कमाल आकडा पाचपर्यंत असेल तर माल विकायचा, मग लाईट कितीही वेळ गेलेली असो. पाचच्या वर असेल तर चकती बघायची, आणि ती दोन तासांहून जास्त मागे असेल तर फेकायचं. पाचच्या वर नेमका किती वेळ होता ते या साधनांतून कळत नाही, म्हणून लाईट गेलेला सगळा वेळ मोजायचा. यात कधी चांगला माल फेकला जाईल. ते मान्य करून ठरवलं.

नासवही

शंभर पानी वही, गल्ल्याच्या खाली दोरीने बांधलेली. रकाने सहाच: तारीख, माल, नग, खरेदीची किंमत, कारण, काय केलं. कारण लिहायला चारच शब्द. लाईट, जास्तीचा, गळका, गरम. "गरम" म्हणजे लाईट असूनही नीट थंड न राहिलेला. निलेशने सुरुवातीला "खराब झालं" असं कारण लिहिलं होतं. ते कारण नव्हे, तो निकाल झाला, असं त्याला दोनदा सांगावं लागलं. रात्रीचा कमाल आकडा आणि चकती किती मागे, हे मागच्या पानापासून उलटं लिहीत आणलं.

पुढच्या उन्हाळ्यात, मार्च ते मे, वहीत ९,४६० रुपयांची नासधूस लागली. लाईटमुळे त्यातली फक्त १,३८०. जास्तीच्या मालाची ४,७२०. गळक्या पिशव्या २,०९०, गरम १,२७०. आदल्या वर्षी वही नव्हती, त्यामुळे तुलना करता येत नाही. एक रात्र ५,४७१ ची होती एवढंच ठाऊक.

जास्तीच्या रकान्यातल्या तारखा बघितल्यावर ते कोडं सुटलं. बहुतेक नोंदी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून पुढच्या. शाळा सुटल्या की निम्मी चाळ कोकणात. रतीबवाली माणसं जाताना सांगून जातात, "मावशी, पंधरा तारखेपर्यंत दूध बंद." मावशी ते लक्षात ठेवायच्या, त्या घरी दूध जायचं नाही, पण गाडीवाल्याची ऑर्डर १६० वरच. उरलेल्या पिशव्या रात्री कूलरमध्ये पडून राहायच्या, आणि लाईट गेली की त्याच नासायच्या. म्हणजे आदल्या वर्षीच्या त्या २२ पिशव्या मुळात तिथे असायलाच नको होत्या. मेच्या पहिल्या आठवड्यात हे दिसलं, तेव्हा ऑर्डर १२५ वर आणली.

गळक्या पिशव्यांचं तर हसूच आलं. पहाटेच्या क्रेटमध्ये दोन-तीन गळक्या निघतात. त्या दुसऱ्या दिवशी परत घेतल्या जातात, पण निलेश त्या फेकून द्यायचा, कोण वाद घालणार म्हणून. वही दाखवून पिशव्या परत करायला लागल्यावर २,०९० पैकी १,६४० वळते झाले.

निकाल

त्या तीन महिन्यांत रात्रीची लाईट चकतीनुसार सात वेळा गेली. सगळ्यांत लांब सव्वापाच तास. त्या रात्री बॉक्समधला कमाल आकडा ४.१ होता आणि सकाळी बाटल्यांत बर्फाचा गाभा शिल्लक होता.

लाईटच्या रकान्यातले १,३८० एकाच रात्रीचे आहेत. निलेश लग्नाला गेला होता, मावशी एकट्या होत्या, गुडघा दुखत होता, बॉक्स भरला नाही. पावणेचार तास लाईट गेली. कूलरचा कमाल आकडा ११. अकरा पनीर, पिठाचे सहा पुडे, ताकाच्या चौदा पिशव्या. सकाळी वास चांगला होता, सगळं घट्ट होतं, आणि या वेळी निलेशने न सांगता नियम लावला.

सगळा खर्च ११,११० रुपये: फ्रीजर ७,८००, बॉक्स २,४००, दोन थर्मामीटर ५६०, टायमर ३५०. फ्रीजर चालू असताना बिल महिन्याला सहाशेच्या आसपास वाढतं. तो मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरच्या गरमीत चालवतात.

वेगळं काय करता आलं असतं

त्या सकाळी १७ हा आकडा निलेशने बघितला होता. त्या क्षणी माल बाजूला काढून फक्त नवीन दूध विकलं असतं तर घरोघरी फिरावं लागलं नसतं. पण त्याच्याजवळ नियम नव्हता, आणि पहाटे साडेपाचला, समोर रांग असताना, नियम बनवता येत नाही. जुनं-नवं दूध एकाच कूलरमध्ये लावलं ही दुसरी गोष्ट. आता रात्रीच्या पिशव्या सकाळी बॉक्समधूनच विकतात. कुठली कुठली हा प्रश्नच येत नाही.

आम्ही आधी पैसे खर्च करण्याचा विचार केला आणि वही नंतर आणली. उलट केलं असतं तर ऑर्डरचं कोडं एक वर्ष आधी सुटलं असतं, आणि कदाचित लहान बॉक्स पुरला असता. बॉक्स भरण्याचं काम दोनच माणसांवर अवलंबून आहे, हा कच्चा दुवा अजून तसाच आहे. बाटल्या अर्ध्या लिटरच्या केल्या तर मावशींना उचलायला हलक्या पडतील, पण त्या लवकर वितळतात. त्याची चाचणी केलेली नाही.

इन्व्हर्टर चूक होता असं मी म्हणणार नाही. जिथे आइस्क्रीमच मुख्य धंदा आहे, तिथे बर्फाच्या बाटल्यांनी भागणार नाही आणि ४३,००० रुपये काढावेच लागतील. या दुकानात आइस्क्रीम जोडधंदा आहे. मावशींनी उन्हाळ्यात कोन ठेवणं बंद केलं, फक्त कप आणि फॅमिली पॅक, तेही दोन दिवसांपुरते. कंपनीचा सेल्समन दर आठवड्याला कुरकुरतो की फ्रीजर अर्धा रिकामा दिसतो. मावशी त्याला म्हणतात, पत्र्याच्या झाकणाचा दे, भरून ठेवते. तो फ्रीजर अजून आलेला नाही.